पूर्वपक्ष असा लिहा की विरोधकानं मान डोलवावी

साहित्यावरच्या निबंधात कुठेतरी एक वाक्य ठरलेलं असतं: ‘काही वाचकांना मात्र असं वाटत नाही.’ त्यानंतर अर्ध्या ओळीत त्या वाचकांचं म्हणणं येतं, पुढच्या ओळीत ‘पण हे योग्य नाही’ येतं आणि निबंध सुखानं पुढे सरकतो. या परिच्छेदानं काहीच तपासलेलं नसतं. विरोधी मत मांडलं पाहिजे असं कुणीतरी सांगितलेलं असतं म्हणून ते मांडलेलं असतं, इतकंच.

आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांची रीत यापेक्षा कडक होती. आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी, आणि मग उत्तरपक्ष. काही ग्रंथांतला पूर्वपक्ष इतका पटणारा असतो की ग्रंथकाराचं स्वतःचं मत तेच असावं असं वाटू लागतं. साहित्यावर लिहितानाही कसोटी हीच आहे. तुमच्याशी असहमत असलेल्या माणसानं तुमचा पूर्वपक्ष वाचून ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं म्हणायला हवं. त्याला तसं वाटत नसेल, तर पुढे दिलेलं उत्तर कितीही जोरदार असलं तरी ते त्याला दिलेलं उत्तर नव्हे.

हे प्रत्यक्ष कसं करायचं ते एकाच कवितेवर बघू. बालकवींची ‘औदुंबर’ त्यासाठी फार सोयीची आहे: फक्त आठ ओळी, बहुतेकांनी शाळेत वाचलेल्या, आणि तिच्या अर्थाविषयी मतभेद असलेल्या. दोन्ही तटांवर हिरवाळी घेऊन बेटाबेटांतून वाहणारा निळासावळा झरा, टेकडीकडचं चार घरांचं चिमुकलं गाव, पुढे शेतमळ्यांची हिरवी गर्दी, तिच्यातून अडवीतिडवी पडलेली पांढरी पायवाट, ती हिरव्या कुरणांमधून काळ्या डोहाकडे चालली आहे. आणि शेवटी:

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीनं निबंधाचं मुख्य विधान असं ठरवलं: ‘औदुंबर ही निसर्गकविता नाही, ती मृत्यूची कविता आहे.’ तिच्याकडे पुरावा आहे. कविता हिरव्यापासून सुरू होते आणि काळ्याशी संपते. वाट गावाजवळच्या शेतांतून निघते आणि डोहाशी जाते. शेवटी पाणी झाकळलेलं आहे. विधान धीट आहे, आणि ते नाकारता येतं, म्हणून ते तपासण्याजोगंही आहे. ‘औदुंबर ही एक सुंदर आणि अर्थपूर्ण कविता आहे’ असं विधान असतं तर त्याला पूर्वपक्षच सापडला नसता, कारण त्याच्याशी कुणाचं भांडणच नाही.

आता विरोधक शोधायचा. पहिल्या झटक्यात दोन आक्षेप सुचतात आणि दोन्ही टाकाऊ आहेत. एक: ‘साध्या निसर्गचित्रातून उगाच अर्थ काढू नये.’ हा आक्षेप कुठल्याही कवितेच्या कुठल्याही वाचनावर घेता येतो, त्यामुळे या वाचनाबद्दल तो काहीच सांगत नाही. दुसरा: ‘बालकवी निसर्गकवी म्हणून ओळखले जातात.’ हे खरं आहे, पण हे कवीच्या ख्यातीविषयी झालं. या आठ ओळींत काय आहे ते त्यातून कळत नाही. निसर्गकवी म्हणून नाव झालेल्या माणसाला मृत्यूवर लिहिण्याची मनाई नसते.

खरा विरोधक संहितेतच बसलेला असतो आणि त्याला गाठायची एक साधी रीत आहे. कविता कागदावर उतरवून घ्या. तुमच्या विधानाला मदत करणाऱ्या शब्दांखाली सरळ रेघ मारा. मग उरलेले शब्द पुन्हा वाचा आणि जे शब्द तुमच्या विधानाला अडवतात, निदान अवघडवतात, त्यांच्याखाली नागमोडी रेघ मारा. कथा किंवा कादंबरी असेल तर शब्दांऐवजी प्रसंग घ्या, पण काम तेच. सगळ्या रेघा सरळ निघाल्या तर संशय घ्यावा, कारण बहुधा दुसऱ्या फेरीत आपण मन लावून वाचलेलं नसतं.

‘औदुंबर’वर हे केलं की सरळ रेघा येतात त्या ‘काळ्या’, ‘झाकळुनी’, ‘काळिमा’ यांच्याखाली. नागमोडी रेघा मात्र जास्त रंजक आहेत. सर्वांत आधी ‘गोड’. काळिम्याला कवीनं दिलेलं विशेषण तेच आहे. ‘गूढ’ किंवा ‘घोर’ लिहिता आलं असतं, तरी ‘गोड’ लिहिलं आहे. मग ‘पाय टाकुनी बसला’. पाण्यात पाय सोडून बसणं ही आरामाची बैठक आहे, भ्यालेला किंवा संपत चाललेला जीव असा बसत नाही. आणि तिसरी रेघ पटकन नजरेत न येणाऱ्या जागी, थेट दुसऱ्या ओळीत: झरा ‘निळासावळा’ आहे. म्हणजे पाणी शेवटी काळं होत नाही, ते सुरुवातीपासून गडदच आहे. ‘हिरव्याकडून काळ्याकडे’ हा विद्यार्थिनीचा लाडका मुद्दा इथेच डळमळतो. शिवाय सहाव्या ओळीत ‘हिरव्या’ आणि ‘काळ्या’ एकत्रच आहेत. रंग वाटतात तितक्या शिस्तीनं एकामागून एक आलेले नाहीत.

आता पूर्वपक्षाला दम आला. वाईट परिच्छेद आणि चांगला परिच्छेद यांतला फरक इथेच ठरतो, वाक्यरचनेचा भाग नंतरचा. आक्षेपाला स्वतःचा पुरावा मिळाला की तो आपोआप गांभीर्यानं लिहिला जातो. पुरावा नसेल तर ‘काही समीक्षकांच्या मते’ असा मोघम आधार शोधावा लागतो. ते समीक्षक कोण, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

पण तिन्ही नागमोडी रेघा एका परिच्छेदात घ्यायच्या का? घ्याव्यात, पण तिघी मिळून एकच गोष्ट म्हणत असतील तरच. इथे त्या म्हणतात: हा काळोख म्हणजे झाडाच्या सावलीतलं खोल पाणी आहे आणि कविता एका निवांत जागी येऊन विसावते. म्हणून त्या एकत्र चालतात. याउलट ‘औदुंबर हा दत्ताशी जोडलेला वृक्ष आहे, म्हणून ही विरक्तीची कविता आहे’ हा आक्षेप वेगळा आहे. त्याचा आधार संहितेबाहेरच्या परंपरेत आहे आणि त्याला उत्तरही वेगळं लागेल. तो याच परिच्छेदात कोंबला तर दोन्हींना अर्धवट उत्तर मिळेल. द्यायचाच तर त्याला स्वतंत्र परिच्छेद द्यावा. आटोपशीर निबंधात मी तो सोडून दिला असता.

उत्तर लिहायला घेण्याआधी एक हिशेब मांडावा लागतो, आणि तो टाळला की उत्तर अप्रामाणिक होतं. आक्षेपातलं काय खरं आहे? रंगाचा मुद्दा खरा आहे. फक्त ‘काळा’ या शब्दावर मृत्यू उभा राहत नाही, खोल पाणी काळंच दिसतं. भीती नाही हेही खरं. मग विद्यार्थिनीकडे उरलं काय? पुन्हा कवितेकडे जावं लागतं, यावेळी रंग बाजूला ठेवून. क्रियापदं बघा. झरा ‘वाहतो’. पायवाट ‘चालली’. औदुंबर ‘बसला’. गाव आहे, शेतं आहेत, वाट आहे, पण माणूस एकही दिसत नाही. माणसासारख्या दोन ठळक कृती आहेत, चालणं आणि बसणं, त्यातली एक वाटेला दिली आहे आणि दुसरी झाडाला. जी चालते ती वस्तीच्या अंगाकडून डोहाकडे जाते, आणि तिथे जो आहे तो बसलेला आहे. त्यानंतर कविता संपते, गावाकडे नजर परतत नाही.

हा पुरावा आक्षेपापलीकडचा आहे. निवांत निसर्गचित्राचं वाचन ‘गोड’चा अर्थ लावतं, ‘बसला’चाही लावतं, पण हा क्रम असाच का, याचं उत्तर त्याच्याकडे सहज नाही. इथे एक छोटा प्रयोग करता येतो: झऱ्याच्या पहिल्या दोन ओळी तिथेच ठेवा आणि पुढच्या वस्तूंचा क्रम मनात उलटा करा. आधी डोह आणि औदुंबर, मग कुरणं आणि वाट, मग शेतं, शेवटी चार घरांचं चिमुकलं गाव. देखावा तसाच राहतो, एकही वस्तू कमी होत नाही. पण आता ती माणसांकडे परतणारी, घराकडे येणारी कविता होते. म्हणजे अर्थ वस्तूंपेक्षा क्रमात जास्त आहे. विरोधक वस्तूंवर बोट ठेवतो, उत्तर क्रमावर बोट ठेवतं.

पहिल्या खर्ड्यात इथे हमखास घात होतो, कारण उत्तर सापडल्याच्या आनंदात लेखणी सुटते. ‘डोहाशी पोचल्यावर सारी हालचाल थांबते’ असं वाक्य लिहिलं जातं. ऐकायला छान आहे, पण चूक आहे, कारण काळिमा ‘लाटांवर’ पसरतो. लाटा आहेत म्हणजे पाणी हलतंय. एखाद्या बारकाईनं वाचणाऱ्यानं हा एक शब्द दाखवला की सगळं उत्तर कोसळलं. म्हणून नागमोडी रेघेची तपासणी उत्तराचीही करावी लागते. इथे दुरुस्ती सोपी आहे: थांबते ती वाट, आणि बसलेला आहे तो औदुंबर. पाण्याविषयी काही दावा करायचाच नाही.

आता पूर्ण परिच्छेद असा होईल:

‘या वाचनाविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा कवितेच्या शेवटच्या दोन ओळींतच आहे. डोहावर पसरणाऱ्या काळिम्याला कवी “गोड” म्हणतो, आणि औदुंबर पाण्यात पाय सोडून निवांत बसल्यासारखा आहे. शिवाय पाण्याचा गडदपणा शेवटी अचानक अवतरत नाही, दुसऱ्याच ओळीत झरा “निळासावळा” आहे. त्यामुळे हा काळोख म्हणजे मृत्यूची चाहूल नव्हे, झाडाच्या सावलीतल्या खोल पाण्याचा रंग आहे आणि कविता एका रम्य जागी विसावते, असं म्हणता येतं. रंगापुरतं हे मान्य करायला हवं. केवळ “काळा” या शब्दातून मृत्यू सिद्ध होत नाही, आणि भीतीचा तर कवितेत मागमूसही नाही. मात्र या वाचनातून कवितेच्या क्रमाचा उलगडा होत नाही. पायवाट गावाकडच्या शेतांतून निघून डोहाकडे चालते, तिच्या टोकाशी औदुंबर बसलेला आहे, आणि तिथून नजर गावाकडे परत येत नाही. याच वस्तू उलट्या क्रमानं आल्या असत्या तर देखावा तोच राहिला असता, पण ती घरी परतण्याची कविता झाली असती. म्हणून “गोड” हा शब्द या वाचनाला खोडत नाही, तो त्याला नेमकं करतो: कविता वस्तीपासून दूर, बसून राहण्याकडे जाते, आणि ते बसून राहणं तिला हवंसं वाटतं.’

यातली काही वाक्यं जरा थांबून बघण्यासारखी आहेत. पहिलं वाक्य ‘काही जण म्हणतात’ असं म्हणत नाही, पुरावा कुठे आहे ते सांगतं. वाचक लगेच त्या ओळींकडे जातो. पुढची तीन वाक्यं पूर्णपणे विरोधकाच्या बाजूनं लिहिली आहेत. त्यांत ‘वरवर पाहता’, ‘भाबडेपणानं’, ‘असा गैरसमज होऊ शकतो’ असे शब्द नाहीत. हे शब्द दिसले की समजावं, लेखकानं उत्तर आधीच पूर्वपक्षात चोरून घातलं आहे. स्वतःचा पूर्वपक्ष सुटा काढून वाचून बघा. तेवढीच वाक्यं एखाद्या विरोधी निबंधात जशीच्या तशी खपली पाहिजेत.

मग कबुली. ती ‘हे काही अंशी खरं आहे’ अशी गुळमुळीत असू नये. किती अंशी, ते सांगावं: ‘रंगापुरतं’. नेमकी कबुली दिली की उत्तराची जागाही आपोआप नेमकी होते, कारण जे दिलं त्याच्या बाहेरूनच आता उत्तर काढावं लागतं. ‘मात्र’नंतरचं वाक्य म्हणूनच रंगाविषयी एक अक्षर बोलत नाही. खूप निबंधांत नेमकं उलटं होतं: कबुली दिली जाते आणि पुढच्याच वाक्यात कबूल केलेला मुद्दा दुप्पट आवाजात परत मांडला जातो. ‘हे खरं असलं तरी काळा रंग मृत्यूचंच प्रतीक आहे यात शंका नाही.’ ‘यात शंका नाही’, ‘निर्विवादपणे’, ‘स्पष्टच आहे’ हे शब्द बहुधा जिथे पुरावा संपलेला असतो तिथे येतात. ते खोडून वाक्य पुन्हा वाचलं की खाली काही आहे का ते कळतं.

उत्तराची आणखी एक चोरवाट आहे, आणि या कवितेच्या बाबतीत तिचा मोह जबर आहे. बालकवी १९१८ साली, तिशीही गाठायच्या आत, रेल्वे अपघातात गेले. मृत्यूचं वाचन करणाऱ्याच्या हाती जणू आयतंच उत्तर येतं: कवीला मृत्यूची चाहूल लागली होती. पण आक्षेप ‘गोड’ या शब्दाविषयी होता. रुळांवरचा अपघात त्या शब्दाचा अर्थ सांगू शकत नाही, आणि कविता लिहिताना तो कवीला माहीतही नव्हता. आक्षेप ज्या पातळीवर आहे त्याच पातळीवर उत्तर द्यावं, शब्दाला शब्दानं आणि रचनेला रचनेनं. चरित्राचा आधार निषिद्ध नाही, पण आक्षेप संहितेतून आलेला असताना चरित्राकडे पळणं म्हणजे प्रश्न बदलणं.

प्रमाणाबद्दल थोडक्यात. वरच्या परिच्छेदात पूर्वपक्ष आणि उत्तर साधारण सारख्या लांबीचे आहेत. हजार शब्दांच्या निबंधात असा एक परिच्छेद, दीडशे ते दोनशे शब्दांचा, पुरेसा आहे. तो मुख्य पुरावा मांडून झाल्यावर आणि शेवटाच्या आधी ठेवावा. सुरुवातीलाच ठेवला तर ज्याची अजून बाजूच ऐकलेली नाही त्याच्यावरचे आक्षेप वाचकाला ऐकावे लागतात. अगदी शेवटी ठेवला तर निबंध विरोधकाच्या आवाजात संपल्यासारखा वाटतो.

कधी कधी उत्तर सापडतच नाही. दोन-तीनदा कविता वाचूनही आक्षेप उभाच राहतो. तेव्हा ‘दोन्ही वाचनं आपापल्या जागी योग्य आहेत’ असं लिहून सुटका करून घेऊ नये. दोन वाचनं खरोखर एकत्र नांदत असतील तर ती कशी नांदतात हेच निबंधाचं विधान करावं आणि तसं सुरुवातीपासून मांडावं. नांदत नसतील तर विधान बदलावं. अजून खर्डाच चालू आहे, बदलायला हरकत काय?

आपल्या विद्यार्थिनीला उत्तर सापडलं, तरी तिचं विधान जसंच्या तसं उरलं नाही. ‘मृत्यूची कविता’ हे आता तिला म्हणता येणार नाही, कारण परिच्छेदाच्या शेवटी तिनं स्वतःच ‘वस्तीपासून दूर, बसून राहण्याकडे’ असं लिहिलं आहे, आणि ते बसून राहणं हवंसं आहे असंही. हे मृत्यूच्या जवळ जातं, पण मृत्यू नव्हे, विसाव्याची ओढ म्हणता येईल. म्हणून तिला पहिल्या परिच्छेदाकडे परत जावं लागेल. तिथलं विधान साधारण असं होईल: ‘औदुंबर ही कविता निसर्गाचं चित्र रेखाटता रेखाटता वाचकाला माणसांच्या वस्तीपासून दूर नेते आणि त्या दूरपणाला गोड मानायला लावते.’ मधल्या परिच्छेदांत जिथे जिथे तिनं हिरवा विरुद्ध काळा असा सामना रंगवला होता, ती वाक्यंही काढावी लागतील, निदान वाटेच्या आणि बसण्याच्या पुराव्याखाली दुय्यम करावी लागतील. शीर्षकात ‘मृत्यू’ असेल तर तेही बदलायला हवं.